फायनल फाइल क्लायंटच्या हाती देताना: मास्टरपासून पोचपावतीपर्यंत

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघासाठी केलेली आठ मिनिटांची फिल्म समोर ठेवून बोलू. विषय होता स्वच्छ दूध कसं काढावं. कापाकापी झाली, रंग झाले, आवाज झाला, संघाच्या साहेबांचा "फायनल करा, छान झालंय" असा मेसेजही आला. मी एक एमपी-फोर फाइल काढून ड्राइव्हची लिंक पाठवली आणि निवांत झालो. पुढच्या आठवड्यात पाच फोन आले. हॉलमधल्या टीव्हीवर फाइल चालेना. ग्रुपवर टाकलेली फिल्म धूसर दिसते. सबटायटल दिसतच नाहीत. निधी देणाऱ्या संस्थेला इंग्रजी हवं आहे. आणि शेवटी, "तो शेवटचा हेल्पलाइन नंबर बदलायचाय, आमच्या ऑफिसमधला मुलगा करेल, ओरिजिनल पाठवा."

या पाचही फोनची उत्तरं फाइल देतानाच देता आली असती. आता मी ते काम कसं करतो, ते क्रमाने सांगतो.

आधी विचारा: फाइल कोण, कुठे उघडणार?

एक्सपोर्टचं बटण दाबण्याआधी क्लायंटला फोन करा. "कुठला फॉरमॅट हवा?" असं विचारू नका, त्यांना ते ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. ते "एमपी-फोर द्या" म्हणतील. त्याऐवजी विचारा की फिल्म कुठे कुठे दाखवणार. दूध संघाचं उत्तर असं होतं: संघाच्या यूट्यूब चॅनेलवर, गावोगावच्या बैठकीत पेनड्राइव्ह लावून टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर, आणि सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. शिवाय एक प्रत संघाच्या दप्तरी कायमची. म्हणजे एका फिल्मच्या चार फाइली, आणि चारही वेगळ्या.

पहिली फाइल मास्टर, बाकी सगळ्या तिच्यातून

मास्टर म्हणजे शक्य तितकी कमी दाबलेली प्रत. पुढे कधीही नवी प्रत लागली तर ती हिच्यातून काढायची. मी `ProRes 422 HQ` वापरतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय नसेल तर `DNxHR HQX` चालतो. फुल एचडी आणि सेकंदाला २५ फ्रेम असतील तर प्रोरेस एचक्यूचा वेग साधारण १८४ मेगाबिट प्रतिसेकंद असतो. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. गुणून आठाने भागलं की ११ जीबीच्या आसपास आकडा येतो. हा हिशोब आधीच करून ठेवा, कारण पेनड्राइव्ह किती मोठा घ्यायचा आणि अपलोडला किती रात्री लागतील हे त्यावरच ठरतं.

मास्टरच्या दोन प्रती काढा. एक नेहमीची, पाट्या आणि नावांसकट. दुसरी बिनमजकुराची: तीच फिल्म, तोच आवाज, फक्त पडद्यावरचं एकही अक्षर नाही. उद्या कानडी आवृत्ती करायची झाली किंवा हेल्पलाइन नंबर बदलला, तर ही दुसरी प्रत नसेल तेव्हा तिची किंमत कळते. आवाजही वेगळा काढा: बोलणं एका वेव्ह फाइलमध्ये, संगीत दुसरीत, गोठ्यातले आवाज तिसरीत. तिन्ही फाइली फिल्मच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सारख्याच लांबीच्या हव्यात. मधली शांतता कापून टाकली तर पुढच्या माणसाला त्या जुळवत बसावं लागतं.

मास्टर निघाली की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. उडत उडत नाही, आठच्या आठ मिनिटं, हेडफोन लावून. एक्सपोर्ट करताना एखादी काळी फ्रेम राहून जाते, एखाद्या क्लिपचा आवाज एकाच कानात येतो. इथे सापडलेली चूक एकदा दुरुस्त करावी लागते. चार प्रती निघाल्यावर सापडली तर चारदा.

यूट्यूब, हॉल आणि व्हॉट्सअॅप

यूट्यूबचं सोपं आहे. फुल एचडीसाठी, सेकंदाला २५ फ्रेमला ते ८ मेगाबिट सुचवतात. मी त्याच्या दुप्पट देतो, कारण ते आपली फाइल पुन्हा दाबतातच, मग निदान कच्चा माल तरी चांगला मिळावा. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. या प्रतीत सबटायटल छापायची नाहीत, ती वेगळ्या फाइलने जातात. त्याचं पुढे सांगतो.

हॉलची प्रत मात्र फसवी. माझी पहिली फाइल गावच्या टीव्हीवर चालली नाही, ती एका बारीक कारणाने. प्रोरेसमध्ये रंगाची माहिती जास्त बारकाईने, दहा बिटांत साठवलेली असते. मास्टरमधून एमपी-फोर काढताना काही सॉफ्टवेअर ती जशीच्या तशी पुढे नेतात. तयार होते एच-२६४ चीच फाइल. लॅपटॉपवर ती छान चालते, पण बरेच टीव्ही आणि फोन तिला हात लावत नाहीत. आवाज येतो आणि पडदा काळा, किंवा सरळ "फाइल चालत नाही". म्हणून रंग `4:2:0` आणि आठ बिट आहेत ना, हे बघून घ्यायचं. मी एफएफएमपेगने काढतो, तिथे `yuv420p` हा शब्द तेच काम करतो:

```
ffmpeg -i Dudh_v07_subs.mov -c:v libx264 -profile:v high -crf 20 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 256k -ar 48000 -movflags +faststart Dudh_v07_hall.mp4
```

कमांड लिहायची सवय नसेल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमधून एच-२६४ काढा आणि `MediaInfo` या मोफत प्रोग्राममध्ये ती फाइल टाकून बघा. `Chroma subsampling` समोर `4:2:0` आणि `Bit depth` समोर `8 bits` दिसलं की झालं.

हॉलचा दुसरा खड्डा पेनड्राइव्हचा. जुने टीव्ही अनेकदा `FAT32` पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही. आपली हॉलची प्रत काही शे एमबीची, तिला अडचण नाही. पण त्याच पेनड्राइव्हवर मास्टर टाकायला गेलात तर मध्येच अडेल. त्यामुळे हॉलचा पेनड्राइव्ह वेगळा आणि मास्टरची हार्डडिस्क वेगळी. हार्डडिस्क `exFAT` करा, ती विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येते.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो आणि बारीक अक्षरांचा चुरा होतो. ग्रुपसाठी मी ७२० ची छोटी प्रत देतो, साधारण ८० एमबीची. तिच्यातली अक्षरं मोठी करून छापलेली असतात. साहेबांना सांगून ठेवतो की ही फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ती आहे तशी पोचते. मुलाने विसरून व्हिडिओ म्हणून पाठवलीच, तरी मोठी अक्षरं तग धरतात.

कॅप्शन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आमच्या फिल्मला मराठी आणि इंग्रजी अशी दोन कॅप्शन लागत होती. मराठी फिल्मला मराठी कॅप्शन कशाला, असं साहेबांनी विचारलं होतं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी, आणि बैठकीत मागे बसून गप्पा मारणाऱ्यांसाठीही. म्हणूनच त्यात बोलण्याबरोबर महत्त्वाचे आवाजही लिहायचे.

यूट्यूबसाठी कॅप्शन एसआरटी फाइलमध्ये द्यायची. ती साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते:

```
1
00:00:04,120 --> 00:00:07,480
धार काढण्याआधी सड
कोमट पाण्याने धुवा.

2
00:00:07,560 --> 00:00:09,900
[गाय हंबरते]
```

क्रमांक, वेळ, मजकूर, मग एक रिकामी ओळ. सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही. वेबसाइटवर लावायची असेल तर व्हीटीटी फाइल मागतात. तिच्यात पहिल्या ओळीवर `WEBVTT` असतं आणि स्वल्पविरामाच्या जागी टिंब येतं. बाकी जवळपास तेच. एका वेळी दोनच ओळी ठेवा, आणि कॅप्शन एक सेकंदाच्या आत नाहीसं होऊ देऊ नका. जोडाक्षरं वाचायला डोळ्यांना वेळ लागतो.

आता मराठीत काय काय बिघडतं ते बघा, कारण हे इंग्रजी व्हिडिओतून शिकलेल्याला कोणी सांगत नाही.

पहिलं, एन्कोडिंग. फाइल `UTF-8` मध्येच सेव्ह करायची. नोटपॅडमध्ये `Save As` च्या खिडकीत खाली `Encoding` असं दिसतं, तिथे निवडा. चुकून `ANSI` राहिलं तर सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात. ती परत येत नाहीत, मजकूर गेलाच. पडद्यावर `à¤®à¤°` अशी रांगोळी दिसली तर मात्र घाबरू नका. फाइल ठीक आहे, उघडणारा प्रोग्राम तिला चुकीच्या पद्धतीने वाचतोय.

दुसरं, जुने फॉन्ट. भाषांतर करणाऱ्या बाईंनी मला सुंदर टाइप केलेला मजकूर पाठवला होता, पण तो युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये होता. त्यांच्या स्क्रीनवर मराठी, माझ्याकडे इंग्रजी अक्षरांचा काला. अशा फॉन्टमध्ये आतून साठवलेली अक्षरं रोमनच असतात, मराठी फक्त त्यांचं रूप असतं. एसआरटीला फॉन्टची माहितीच नसते, त्यामुळे तिथे हे चालत नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा ओळ न् ओळ वाचा, कारण रफार आणि पहिली वेलांटी या रूपांतरात हमखास सरकतात.

तिसरं मला शोधायला दोन तास लागले. सगळी कॅप्शन दिसत होती, मधली चारच गायब. त्या चार ठिकाणी वेळ दुरुस्त करताना कीबोर्ड मराठीत होता आणि `00:03:12` च्या जागी ००:०३:१२ टाइप झालं होतं. माणसाला दोन्ही सारखंच, प्लेअरला दुसरं कळत नाही. मजकुरात देवनागरी आकडे खुशाल वापरा, वेळेच्या ओळीत नाही. अशीच गंमत वर्डमध्ये होते: तो `-->` चा आपोआप एक देखणा बाण करतो आणि ती ओळ निकामी होते. एसआरटी वर्डमध्ये उघडायचीच नाही.

चौथं, तासाचा फरक. अनेक एडिटर टाइमलाइन `01:00:00:00` पासून सुरू करतात, टीव्हीच्या जगातली जुनी रीत आहे ती. काही वेळा कॅप्शन फाइल तोच तास धरून निघते. मग आठ मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिलं कॅप्शन एक तास चार सेकंदांनी येणार, म्हणजे कधीच नाही. "सबटायटल दिसतच नाहीत" या फोनचं कारण हेच होतं. एसआरटी उघडून पहिली वेळ बघितली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं. जाता जाता शेवटचं कॅप्शनही फिल्मशी जुळवून बघा. सुरुवात जुळते आणि शेवट दोन सेकंद मागे पडतो, असं दिसलं तर कॅप्शन केल्यानंतर कोणीतरी मधला एखादा शॉट छोटा केलाय, असं समजा. बहुतेक वेळा तो कोणीतरी आपणच असतो.

हॉलच्या आणि व्हॉट्सअॅपच्या प्रतीत कॅप्शन चित्रातच छापून द्या. टीव्हीला पेनड्राइव्हवरची एसआरटी वाचता आली तरी देवनागरी नीट जुळवता येईलच असं नाही. चौकोन दिसतात, किंवा "स्वच्छ" चा पाय मोडून "स्‌वच्‌छ" दिसतं. छापताना तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही जोडाक्षरं तपासा. काहींमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. मी तपासायला "दुसऱ्या", "प्रक्रिया", "सर्व्हिस" आणि "किंमत" हे चार शब्द टाकून बघतो. दुसऱ्या मधला अर्धा र नीट आला, तर बाकी सहसा येतं.

मूळ फाइलींचं गाठोडं

ओरिजिनल पाठवा, असं क्लायंट म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय हवंय ते विचारा. कधी मास्टरच हवी असते, कधी शूट केलेलं सगळं, कधी प्रोजेक्ट. प्रोजेक्ट द्यायचा की नाही आणि त्याचे पैसे वेगळे की नाही, हे काम घेतानाच लिहून ठेवायचं असतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती करून घेणाराच असतो. पण फिल्म म्हणजेच त्यामागचा प्रोजेक्ट का, यावर डिलिव्हरीच्या दिवशी वाद घालण्यात दोघांचंही नुकसान.

प्रोजेक्ट द्यायचा ठरला, तर नुसती प्रोजेक्टची फाइल देऊन भागत नाही. तिच्यात व्हिडिओ नसतो, व्हिडिओ कुठे ठेवलाय त्याचे पत्ते असतात. प्रीमियरमध्ये `Project Manager` मधून `Collect Files and Copy to New Location` घ्या. रिझॉल्व्हमध्ये `Export Project Archive` घ्या, त्याचा `.dra` फोल्डर निघतो आणि त्यात मीडियाही येतो. नुसती `.drp` म्हणजे पुन्हा फक्त पत्ते.

सॉफ्टवेअर जे गोळा करत नाही, ते हाताने ठेवावं लागतं. फॉन्ट त्यात पहिला. आम्ही एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्त फॉन्ट वापरला होता. तो खुल्या परवान्याचा असल्याने फाइल सरळ फोल्डरमध्ये टाकली. विकत घेतलेला फॉन्ट असा वाटता येत नाही. त्याचं फक्त नाव लिहून द्या, त्यांना तो घ्यावा लागेल. संगीताच्या परवान्याची पीडीएफही ठेवा, कारण यूट्यूबवर संगीताचा दावा आला की संघाला तीच दाखवावी लागणार. सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा, नव्या आवृत्तीतला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

मग एक परीक्षा घ्या. तुमची मूळ डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा आणि नवीन डिस्कवरचा प्रोजेक्ट उघडा. मूळ डिस्क लावलेली असेल तर सॉफ्टवेअर गुपचूप तिथूनच फाइली उचलतं आणि सगळं ठीक वाटतं. माझ्या पहिल्या गाठोड्यात संगीताची फाइल डाउनलोड्स फोल्डरमध्येच राहिली होती. या परीक्षेत लाल पट्टी दिसली तेव्हा कळलं.

सगळं मिळून डिस्कवर असं दिसतं:

```
Dudh_v07/
  01_Master/
  02_Web_Hall_WhatsApp/
  03_Captions/
  04_Audio/
  05_Project/
  06_Licences_Fonts/
  README.txt
```

नावं रोमनमध्ये ठेवा. देवनागरी नावं झिपमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेल्यावर कधी कधी विस्कटतात. आणि नावात फायनल हा शब्द नको. फायनल, फायनल-टू, फायनल-खरं या वाटेने आपण सगळेच गेलोय. आवृत्तीचा आकडा पुरतो, आणि तो सगळ्या फाइलींवर एकच हवा.

हाती देताना

मास्टर डिस्कवर कॉपी झाली म्हणजे नीट झाली असं नाही. मूळ आणि कॉपी, दोन्हींवर ही कमांड चालवा:

```
certutil -hashfile Dudh_v07_master.mov SHA256
```

मॅकवर `shasum -a 256` आणि पुढे फाइलचं नाव. येणारी लांबलचक अक्षरमाळ दोन्हीकडे तंतोतंत सारखी हवी. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी कॉपी बिघडली आहे. ती माळ `README.txt` मध्येही टाका.

लिंक पाठवणार असाल तर एवढं सांगाच: ड्राइव्हमध्येच प्ले करून बघू नका, डाउनलोड करून बघा. ब्राउझरमधलं ते दृश्य हलक्या दर्जाचं असतं, आणि नुकतंच अपलोड झालेलं असेल तर फारच. "धूसर आहे" ही तक्रार अर्ध्या वेळा तिथूनच येते.

माझी यादी आता अशी आहे. प्रिंट काढून डिस्कच्या पाकिटात घालतो आणि क्लायंटबरोबर बसून टिक करतो:

- मास्टर पूर्ण बघितली, शेवटच्या नावांचं शुद्धलेखन संघाने वाचून होकार दिला
- हॉलची प्रत संघाच्याच टीव्हीवर, त्याच पेनड्राइव्हवरून लावून बघितली
- मराठी आणि इंग्रजी एसआरटी यूट्यूबवर प्रायव्हेट ठेवून चालवल्या. पहिलं, मधलं आणि शेवटचं कॅप्शन जुळलं
- व्हॉट्सअॅपची प्रत एका साध्या, स्वस्त फोनवर उघडली
- बिनमजकुराची प्रत आणि आवाजाच्या तीन फाइली आहेत
- प्रोजेक्ट मूळ डिस्कशिवाय उघडला
- संगीत परवाना संघाच्या नावावर
- मी माझ्याकडची प्रत किती दिवस ठेवणार, ते लिहिलं

त्यातली दुसरी ओळ सोडू नका. आपल्या टेबलावर चाललेली फाइल त्यांच्या टीव्हीवर चालेलच असं नसतं, आणि बैठकीला चाळीस माणसं जमल्यावर हे कळणं वाईट.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं. मी कच्चं शूटिंग ९० दिवस ठेवतो, मास्टर आणि प्रोजेक्ट एक वर्ष. ही मुदत मेलमध्ये लिहितो आणि उत्तर म्हणून एक ओळ मागतो: "सगळ्या फाइली मिळाल्या, उघडून पाहिल्या." ही ओळ आल्यावरच माझे दिवस मोजायला लागतात. नुसती "मिळालं" अशी अंगठ्याची खूण आली तर पुन्हा फोन करतो, कारण त्याचा अर्थ मेल मिळाला एवढाच असतो.

दूध संघाला दुसऱ्यांदा सगळं अशा पद्धतीने दिलं. काही महिन्यांनी हेल्पलाइन नंबर पुन्हा बदलला. या वेळी साहेबांनी मला नुसतं कळवण्यापुरता फोन केला. त्यांच्या ऑफिसमधल्या मुलाने बिनमजकुराची प्रत घेतली, मुक्त फॉन्ट टाकला आणि नवा नंबर लिहून फाइल काढली होती. पाटीतल्या एका शब्दाचा रफार मात्र चुकीच्या जागी होता. तेवढं मी सांगितलं.